नाण्यांनंतर लगेच बँक का नाही?

"सातवीच्या मुलांना वस्तुविनिमय, मग नाणी, मग नोटा, मग बँक एवढा क्रम पुरतो. तुम्ही मध्येच सराफ आणि हुंडी घुसडून उत्तर उगाच अवघड केलंय. चार गुणांना एवढं कशाला?"
– एक शिक्षिका, कराड

नमस्कार मॅडम. पैसा कसा बदलत गेला, या प्रश्नाच्या उत्तरात मी नाण्यांनंतर सराफ आणि हुंडी घेतली, त्यावर तुमची ही तक्रार. गुणांपुरता क्रम पुरतो, खरंय. पण वर्गातलं एखादं पोर विचारतंच, की नाणी हातात असताना बँक लागलीच कशाला? वस्तुविनिमय मी दोन ओळींत उरकला, कारण तिथे मुलं अडत नाहीत. अडतात ती इथे.

पेशवाईतला साताऱ्याचा एखादा गुळाचा व्यापारी घ्या. पुण्याच्या कापडवाल्याला त्याने हजार रुपये देणं आहे. रुपया साधारण तोळाभर चांदीचा, म्हणजे हजारांचं ओझं अकरा किलोंच्या वर. ते घाटवाटेने न्यायचं, वर लुटीची धास्ती. एवढं करून पुण्यात पोचलं तरी रुपये नुसते मोजून कुणी घेत नसे. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत; एखाद्यात हीण जास्त, एखादा झिजलेला. सराफ पारखणार आणि बट्टा कापणार. (ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली एकसारखा रुपया काढला, त्यानंतर ही कटकट कमी होत गेली.)

म्हणून व्यापारी साताऱ्यातल्याच सराफाकडे हजार रुपये आणि वर थोडी हुंडणावळ, म्हणजे या कामाचा मोबदला, भरतो. सराफ पुण्यातल्या आपल्या ओळखीच्या पेढीवर हुंडी, म्हणजे तिथे पैसे देण्याची चिठ्ठी, लिहून देतो. रक्कम लिहिताना 'रुपये हजार, निमे पाचशेचे दुप्पट' अशा धर्तीवर लिहीत. एक आकडा खोडून वाढवला तरी निम्मी रक्कम चोरी पकडून देई. कापडवाला ती पेढीवर दाखवून रोख घेतो. हुंडी दर्शनी असेल तर लगेच, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. मुदतीआधीच पैसे हवे असतील तर सराफ काही रक्कम कापून देई. ही कापलेली रक्कम म्हणजे व्याजच, आणि बँकेचं कर्ज देण्याचं काम इथे दिसतं.

यात चांदी घाट ओलांडतच नाही. पुण्याहून साताऱ्याला पैसे धाडणारेही असतात, त्यांच्या हुंड्या उलट्या दिशेने येतात आणि दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत जमा-नावे होऊन बराचसा हिशेब तिथेच फिटतो. सगळेच एका बाजूला पैसे पाठवू लागले, की मात्र पुण्याची पेढी रिकामी व्हायला लागते. मग हुंडणावळ चढते, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर पहारा देऊन चांदी पाठवावीच लागते.

तुम्हाला आटोपशीरच हवं असेल, तर नाण्यांनंतर एवढं एक वाक्य ठेवा: 'नाणी वाहून नेणं धोक्याचं होतं, म्हणून सराफ एका गावी पैसे घेऊन दुसऱ्या गावी देण्याची हुंडी लिहून देत.' नोटा आणि बँक त्याच्या पुढे घ्या.