स्प्रेड टाकून झोपणाऱ्यांसाठी

सध्या फिरत असलेला मेसेज असा आहे:

"ऑफिसातून घरी आलात की अमेरिकेचं मार्केट उघडतं! एलआरएसखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायला आरबीआयचीच परवानगी आहे, त्यामुळे सगळं कायदेशीर. डॉलर करायचा खर्च एक-दीड टक्का, म्हणजे काहीच नाही. रिस्क बांधलेला स्प्रेड टाका, स्टॉप लॉस लावा आणि झोपा. सकाळी उठून प्रॉफिट बघा."

आधी परवानगीचं बघू. एलआरएस म्हणजे निवासी भारतीयांना परदेशात पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना. तिची अडीच लाख डॉलरची मर्यादा खरी आहे, पण ती किती पाठवता येतं याची आहे. कशासाठी पाठवता येतं, हे वेगळं ठरलेलं आहे. परदेशी एक्स्चेंजवरच्या मार्जिनसाठी किंवा मार्जिन कॉलसाठी एलआरएसमधून पैसे पाठवायला मनाई आहे. स्प्रेडमध्ये एक ऑप्शन विकायचा आणि संरक्षणाला दुसरा घ्यायचा असतो, आणि ऑप्शन विकायचा म्हणजे मार्जिन आलंच. यावर लगेच उत्तर येतं की "मी फक्त विकत घेतो, प्रीमियम भरतो, मार्जिनचा संबंधच काय?" ती वाटही 2022 च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमावलीने बंद केली. निवासी भारतीयाला परदेशात जी पोर्टफोलिओ गुंतवणूक करता येते, तिच्यातून डेरिव्हेटिव्ह वगळलेले आहेत. रिझर्व्ह बँकेने वेगळी परवानगी दिली असेल तरच अपवाद. शेअर घ्या, ईटीएफ घ्या, कोणी अडवत नाही. ऑप्शन मात्र त्या यादीत नाही.

ब्रोकरच्या ॲपवर ऑप्शनचं बटण चालू आहे, हा पुरावा नव्हे. परदेशी ब्रोकर त्याच्या देशाचे नियम पाळतो. फेमा, म्हणजे आपला परकीय चलन कायदा, पाळायची जबाबदारी तुमची. बँकेत पैसे पाठवताना तुम्ही ए-2 फॉर्मवर सही करता, त्यात कारणाचा कोड असतो. शेअरमधल्या गुंतवणुकीसाठी S0001 लिहायचं आणि तिकडे जाऊन पुट विकायचे, म्हणजे खोटं निवेदन स्वतःच्या सहीने करून ठेवणं. फेमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो.

मग हे करू शकतं कोण? परदेशात राहणारे आणि काही आठवडे इथे येऊन राहिलेले. किंवा अनिवासी असताना कमावलेले डॉलर तिकडेच ठेवून परतलेले. त्यांच्यासाठी फेमाचं कलम 6(4) आहे, पण ते ऑप्शनला कुठवर लागू होतं हे सीएकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढचं सगळं मुख्यतः या लोकांसाठी. चलनाचा हिशेब मात्र इथून सरळ शेअर घेणाऱ्यालाही लागू आहे.

त्या हिशेबात मेसेजने फक्त जातानाचा खर्च धरलाय. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा बँकांच्या आपसातल्या व्यवहारात डॉलर 90 रुपयांना आहे आणि तुम्ही 9 लाख पाठवता. कागदावर ते 10,000 डॉलर. बँक तुम्हाला विकते 91 ने. शिवाय चलन बदलण्यावर जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसून स्लॅबने काढलेल्या मूल्यावर असतो. 9 लाखांसाठी ते मूल्य 5,000 रुपये येतं, त्यावर 18 टक्के म्हणजे 900. बँकेचे वायर चार्जेस हजार धरा. तिकडे पोचतात साधारण 9,869 डॉलर. इथपर्यंत मेसेजचा आकडा बरोबर आहे.

आता काहीही ट्रेड न करता तेच पैसे परत आणा. ब्रोकर वायरचे 25 डॉलर कापतो, बँक 89 ने विकत घेते, पुन्हा थोडा जीएसटी. हातात येतात साधारण 8,75,000. पावणेतीन टक्के गेले, आणि मार्केट अजून उघडलेलंही नाही. पाच डॉलर रुंदीचा स्प्रेड 60 सेंट क्रेडिटला विकणाऱ्याचा जास्तीत जास्त फायदा 60 डॉलर असतो, कारण एक करार 100 शेअरचा असतो. म्हणजे पहिले चार-पाच स्प्रेड पूर्ण फायद्यात गेले तरी ते बँकेसाठीच. त्यातला एक पूर्ण तोट्यात गेला की 440 डॉलर.

हा खर्च एकदाच होतो आणि पैसे वर्षानुवर्षं तिकडेच राहणार असतील, तर तो पसरतो, हे मान्य. पण मेसेजची भाषा दरमहा कमाईची आहे. महिन्याला 300 डॉलर घरी आणायचे म्हटले तर 25 डॉलरची वायरच आठ टक्के खाते. वर्षाला 10 लाखांपेक्षा जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, करात वळता होतो. तरी 20 लाख पाठवणाऱ्याचे 2 लाख तोवर अडकलेले असतात.

आता झोपेचं. अमेरिकेच्या बाजाराचं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी 7 ते रात्री 1:30 आणि हिवाळ्यात 8 ते 2:30. घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतं. जेवून बसलं की पहिले दोन-तीन तास मिळतात, यात खोटं काही नाही. अडचण शेवटच्या तासात आहे, आणि त्याहून जास्त शेवटच्या तासानंतर.

स्टॉप लॉस त्या वेळी जागा नसतो. शेअरचे ऑप्शन फक्त नियमित सत्रात चालतात. कंपन्यांचे निकाल बहुधा सत्र संपल्यावर येतात. शेअर तिथेच आठ टक्के पडतो आणि तुमचा स्टॉप दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता जागा होतो. तो लागला की त्याची मार्केट ऑर्डर होते, आणि उघडल्या उघडल्या ऑप्शनच्या बिड-आस्कमध्ये सर्वात मोठी फट असते. 1.80 बिड आणि 4.20 आस्क असा भाव दिसत असताना मार्केट ऑर्डरने परत घ्यायचं म्हणजे 4.20 मोजायचे. पाच मिनिटांनी तोच भाव तीनवर आलेला असू शकतो.

"पण रिस्क तर बांधलेली आहे, मग स्टॉप हवाच कशाला?" हा यातला सर्वात पटणारा आणि म्हणूनच सर्वात महाग मुद्दा. एनएसईचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत. शेअरचे ऑप्शनही 2011 पासून तसेच. मुदतीच्या दिवसाआधी समोरचा एक्झरसाइझ करूच शकत नाही, म्हणजे आपला हक्क वापरूच शकत नाही, म्हणून इथे तयार झालेल्या विक्रेत्याला मुदतीआधीच्या असाइनमेंटची, म्हणजे करार अंगावर येण्याची, सवयच नसते. अमेरिकेतले शेअरचे आणि ईटीएफचे ऑप्शन कुठल्याही दिवशी एक्झरसाइझ होऊ शकतात. शिवाय मुदतीच्या दिवशी मार्केट चारला बंद झालं तरी ऑप्शनधारकाला निर्णय कळवायला तिकडच्या साडेपाचपर्यंत वेळ असतो (त्याचा ब्रोकर त्याला याहून कमी देतो, पण देतो). आपल्याकडे ही वेळ उन्हाळ्यात शनिवारी पहाटे तीन, हिवाळ्यात चार.

समजा शुक्रवारी संपणारा 200 चा पुट तुम्ही विकलाय आणि 195 चा घेतलाय, क्रेडिट 60 सेंट. रात्री दीडला शेअर 200.60 वर बंद होतो. दोन्ही पुट पैशाबाहेर. ॲप फायदा दाखवतं, तुम्ही झोपता. अडीच वाजता बातमी येते आणि सत्रानंतरच्या व्यवहारात शेअर 196.50 होतो. 200 चा पुट ज्याच्याकडे आहे तो जागा आहे. त्याच्याकडे दुपार संपून संध्याकाळ होते आहे. 196.50 चा शेअर 200 ला देण्याची संधी तो सोडत नाही, ब्रोकरला सूचना देतो. तुमचा 195 चा पुट मात्र निरुपयोगी संपतो, कारण शेअर अजून 195 च्या वर आहे. शनिवारी तुमच्या खात्यात 100 शेअर 200 च्या भावाने येतात. किंमत 20,000 डॉलर, खात्यात आहेत 9,869. सोमवारी शेअर 189 ला उघडला तर 1,100 उणे 60, म्हणजे 1,040 डॉलर तोटा. मेसेजप्रमाणे तो 440 च्या वर जायलाच नको होता. संरक्षणाचा पाय शुक्रवारीच संपला, आणि उरला तो उघडा शेअर.

कॉल विकणाऱ्यांसाठी हाच प्रकार लाभांशाच्या आदल्या रात्री होतो. विकलेला कॉल पैशात खोल असेल आणि त्यात उरलेली टाइम व्हॅल्यू लाभांशापेक्षा कमी असेल, तर धारक एक्स-तारखेच्या आदल्या दिवशी एक्झरसाइझ करतो. तुम्ही शॉर्ट शेअरमध्ये जाता आणि लाभांश तुमच्या खिशातून जातो. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच स्ट्राइकच्या पुटचा भाव बघा. तो लाभांशापेक्षा कमी असेल तर कॉल झोपण्याआधी परत घ्या.

म्हणून नजर कधी ठेवायची हे तुमच्या जागरणापेक्षा करारावर ठरतं. विकलेला ऑप्शन मुदतीच्या दिवसापर्यंत ठेवायचाच नाही. शुक्रवारी संपणारा स्प्रेड गुरुवारी, आपल्या रात्री अकराच्या आत, पूर्ण मोडायचा. त्यासाठी विकलेला पाय पाच सेंटला परत घेण्याची लिमिट ऑर्डर पहिल्याच दिवशी लावून ठेवावी. पाच सेंट वाचवायला थांबणारेच वरच्या उदाहरणात सापडतात. निर्देशांकावरच काम करायचं असेल तर SPX किंवा त्याचा दहावा हिस्सा असलेला XSP हे युरोपियन आणि रोखीने मिटणारे आहेत, शेअर अंगावर येत नाहीत. त्यांचं जादा सत्र आपल्या दिवसाही चालतं, फक्त तेव्हा भावातली फट रुंद असते. मासिक SPX चा एक प्रकार तर शुक्रवारच्या उघडत्या भावांवर मिटतो आणि त्याचा व्यवहार गुरुवारीच थांबतो. नाव एक, मुदती दोन, त्यामुळे चेन उघडल्यावर मुदतीपुढचं ए.एम. की पी.एम. वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

फेडच्या दिवशीही हाच हिशेब. निवेदन उन्हाळ्यात रात्री साडेअकराला येतं, पत्रकार परिषद बाराला. हिवाळ्यात दोन्ही एक तास उशिरा. मोठी हालचाल बरेचदा परिषदेत होते, निवेदनात नाही. परिषद संपेपर्यंत बसणं शक्य नसेल तर त्या दिवशी विकलेला कुठलाही ऑप्शन ठेवू नका.

आणि झोपलातच, तर शनिवारी प्रॉफिटचा रकाना सोडून आधी पोझिशनची यादी बघा. ऑप्शन गायब आणि 100 शेअर आलेले, रोख उणे, असं दिसलं तर असाइनमेंट झाली आहे. दोन दिवस काहीच करता येत नाही. सोमवारी उन्हाळ्यात दुपारी दीडला प्री-मार्केट उघडतं. तुमचा ब्रोकर ते सत्र पहिल्या मिनिटापासून देतो का हे आधीच विचारून ठेवलेलं असावं. तिथे लिमिट ऑर्डरनेच विका. मार्जिन अपुरं असल्याने ब्रोकरही विकायला बसलेला असतो, आणि तो भाव बघत नाही.