टाळीला वळतो, म्हणजे ऐकू येतं?

"दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही? घाबरू नका, मुलगे उशिराच बोलतात. टाळीला वळून बघतो, म्हणजे कान ठीक आहेत. जन्मल्यावर कानाची चाचणी पासही झाली होती. आणि एवढ्या लहान पोराला ऐकू येतं की नाही, हे तपासणार तरी कसं?"

घरोघरी दिला जाणारा हा धीर. त्यातल्या टाळीपासूनच सुरुवात करते, कारण मुलाचे कान तपासायला माझ्याकडे येणारे बहुतेक पालक तिच्याच भरवशावर वर्षभर थांबलेले असतात. टाळी मोठ्याने वाजते, शिवाय हात हललेले दिसतात. बोलणं असं नसतं. 'आ', 'ओ', 'म' खालच्या पट्टीत जोरकस असतात. 'स', 'श', 'फ' उंच पट्टीत आणि फार हळू. उंच पट्टी ऐकू न येणारं मूल हाकेला वळतं, दार आपटलं की दचकतं, पण 'ससा' त्याला जेमतेम 'अआ' ऐकू येतो. मग ते बोलणार काय?

समजा, 26 महिन्यांचा मुलगा 'आई', 'मामा' म्हणतो, बाकी सगळं खुणेने. या वयात व्हीआरए नावाची श्रवणचाचणी करतात. मूल आईच्या मांडीवर बसतं, समोरची व्यक्ती त्याला आवाज न करणाऱ्या खेळण्यात गुंतवते. बाजूच्या स्पीकरमधून सूर येतो. मूल वळलं की तिथलं खेळणं उजळून नाचू लागतं. दोन-तीनदा असं झालं की ते सूर ऐकू येताच खेळणं बघायला वळतं. मग आवाज टप्प्याटप्प्याने कमी करायचा. मधूनमधून आवाज न देताही बघायचं, कारण काही मुलं उगाचच वळत राहतात. या मुलाचा निकाल: खालच्या पट्टीतला 500 हर्ट्झचा सूर 25 डेसिबलला, म्हणजे हळू असूनही ऐकू आला; उंच पट्टीतला 4000 हर्ट्झचा मात्र 65 डेसिबलपर्यंत मोठा केल्यावरच. टाळीला तो वळणारच होता.

ही पद्धत साधारण सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत चालते. त्याआधी झोपलेल्या बाळाची बेरा करतात: कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून आवाजाला श्रवणमार्गाने दिलेला प्रतिसाद टिपायचा. अडीचनंतर खेळ: सूर ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा. पाचच्या पुढे मोठ्यांसारखं बटण दाबायचं.

जन्मल्यावरचा 'पास' त्या दिवसापुरता खरा. काही आनुवंशिक दोष आणि सीएमव्ही या विषाणूच्या संसर्गाचे परिणाम नंतर उघडे पडतात, मेंदूज्वरानेही ऐकू येणं जातं, कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. शिवाय जन्मल्यावर फक्त ओएई ही चाचणी झाली असेल, तर कानाच्या आतल्या पेशी चालतात एवढंच कळलं. पुढच्या नसेचा दोष तिला दिसत नाही.

मुलगे सरासरीने मागे असतात खरे, पण महिना-दोन महिने. आणि हाकेला लक्ष न देणं ऑटिझममध्येही दिसतं, बहिरेपणातही. कान आधी तपासले नाहीत तर स्पीच थेरपी अंधारात चालते.

व्हीआरएची एक मर्यादा सांगायलाच हवी. स्पीकर लावून केली, तर फक्त चांगल्या कानाचं कळतं. म्हणून वरच्या मुलाची टिंपॅनोमेट्री करून पडद्यामागे पाणी नाही ना ते पाहायचं आणि झोपेत बेरा करून दोन्ही कान वेगळे मोजायचे. श्रवणयंत्र त्या आकड्यांवरून बसवतात.