नमनाला साठ सेकंद

विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीला उभे राहिलात, अभिनंदन. प्रचाराच्या भाषणाला एक मिनिट मिळणार आहे आणि त्यात स्वतःची ओळखही करून द्यायची आहे. काळजी करू नका. मी बरीच वर्षं अशा भाषणांना हातात घंटा घेऊन बसलो आहे. पन्नासाव्या सेकंदाला एक टोला, साठाव्याला दोन, एवढंच माझं काम. त्यामुळे ओळख करून न देता ते मिनिट कसं पार पाडायचं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

सुरुवात घरून करा. भाषण लिहून काढा आणि मनातल्या मनात वाचून वेळ लावा. चाळीस सेकंदांत संपतं की नाही पाहा. संपलं तर अजून दोन वाक्यं घाला. मोठ्यानं वाचून मात्र बघू नका. डोळे जिभेपेक्षा भराभर पळतात. मनात चाळीस सेकंदांत होणारा मजकूर सभागृहात, शेवटच्या रांगेला कळेल असा बोलायचा म्हटलं तर मिनिट ओलांडून जातो. सावकाश बोललं तर एका मिनिटात साधारण 100 ते 120 शब्द बसतात. तुम्ही बिनधास्त 200 लिहा. उरलेले 80 तुम्ही कुठेतरी रेटून बसवाल, असा स्वतःवर विश्वास हवा.

घड्याळ नेमकं कधी सुरू होतं, हे कोणाला विचारू नका. काही ठिकाणी ते पहिल्या शब्दाला सुरू होतं, काही ठिकाणी नाव पुकारल्याबरोबर. दुसरा प्रकार असेल तर शेवटच्या रांगेत बसणं उत्तम. खुर्च्यांमधून वाट काढत येईपर्यंत आठ-दहा सेकंद आपोआप मार्गी लागतात. आधीचा उमेदवार तुमच्यापेक्षा वीतभर उंच असेल तर माइक खाली घेण्यात आणखी तीन. मग त्यावर टिचकी मारा आणि ‘हॅलो, हॅलो, मागे आवाज येतोय का?’ असं विचारा. तुमच्याआधी सहा जण त्याच माइकवरून बोलून गेले आहेत हे खरं, पण खात्री केलेली बरी.

आता नमन. इथे हात आखडता घेऊ नका. ‘आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक, निवडणूक अधिकारी, सर्व गुरुजनवर्ग, शिक्षकेतर कर्मचारी आणि येथे जमलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो.’ हे एक वाक्य नीट श्वास घेत म्हटलं तर पंधरा सेकंद जातात, म्हणजे मिनिटाचा चौथा हिस्सा. यादीतल्या बहुतेकांना मत नाही आणि ज्यांना आहे ते सगळ्यात शेवटी येतात. पण शिष्टाचार म्हणून काही असतो की नाही? एखादं पद राहून गेलंच, तर थांबून ‘क्षमस्व’ म्हणा आणि यादी पुन्हा पहिल्यापासून घ्या.

मग नाव. ते एकदाच सांगायचं, घाईनं, आणि तुमचे मित्र मागून आरडाओरडा करत असतील नेमक्या त्या क्षणी. तुमच्या गोटातले पाच-सहा जण तुम्ही ‘मी’ म्हणताच शिट्ट्या-टाळ्या सुरू करतील, ही व्यवस्था आधीच करून ठेवा. थोडं थांबलात आणि गोंगाट ओसरल्यावर नाव घेतलंत तर ते सगळ्यांना ऐकू जाईल, तेव्हा थांबायचं नाही. मित्रांनी टोपणनावाचा जयघोष केला तर सोन्याहून पिवळं. मतपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं छापलेलं असतं आणि टोपणनाव कुठेच नसतं. मतदारानं थोडं डोकं चालवावं की! तुमच्या नावाचा आणखी एक उमेदवार यादीत असेल, तर वर्ग आणि तुकडी मुळीच सांगू नका. कोणाचं मत कोणाला गेलं ही गंमत मोजणीपर्यंत टिकली पाहिजे.

पदाचा उल्लेखही टाळता आला तर टाळा. एकाच सभेत तीन-चार पदांचे उमेदवार बोलतात. तुम्ही कशासाठी उभे आहात हे ओळखणं ऐकणाऱ्यांच्या बुद्धीवर सोडा.

आता मुख्य भाग, म्हणजे विशेषणं. ‘मी प्रामाणिक, मेहनती, जिद्दी, होतकरू आणि सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा विद्यार्थी आहे.’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की एखादा उमेदवार ‘होतकरू’ला अडखळला तर मीच पुढचं पुटपुटतो. याची खुबी अशी की ते प्रत्येकाला लागू पडतं. ‘मी आळशी, अप्रामाणिक आणि भांडखोर आहे’ असं म्हणणारा उमेदवार मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणजे हे वाक्य बोलून तुम्ही उरलेल्या आठ जणांपासून वेगळे ठरण्याचा धोका पूर्ण टाळता. विशेषणांना पुरावा मात्र जोडू नका. ‘मेहनती’नंतर काय केलंत ते सांगितलं, तर लोक विशेषण विसरतात आणि काम लक्षात ठेवतात. पाच विशेषणांची मेहनत वाया.

एका वर्षी क्रीडा सचिवपदाला एक मुलगा उभा होता. त्याच्या मिनिटाचा हिशेब माझ्याकडे वहीत आहे, कारण वेळेबरोबर टिपणं करायची मला खोड आहे. चालत येणं आणि माइक, सात सेकंद. नमन, सोळा. नाव आणि शिट्ट्या मिळून सहा. विशेषणं अकरा सेकंद. इथपर्यंत चाळीस झाले. मग त्यानं स्वतः रचलेली चारोळी घेतली. तिसऱ्या ओळीवर माझा पहिला टोला पडला, तो दचकला आणि चौथी ओळ विसरली. पाठांतराचं असंच असतं, एक कडी निसटली की पुढची हाती लागत नाही. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि जिथून रस्ता माहीत होता तिथून पुन्हा निघाला: ‘आदरणीय व्यासपीठ...’ उपमुख्याध्यापकांपर्यंत पोचला आणि मी दोन टोले दिले.

आता यातली खरी मेख सांगतो. त्या मुलाला मी चांगला ओळखत होतो. वर्षभर सरावानंतर मैदानावरचं साहित्य मोजून खोलीत ठेवणारा आणि कुलूप लावून किल्ली परत देणारा तोच. व्हॉलीबॉलचं फाटलं जाळं त्यानं दोन संध्याकाळी बसून सुतळीनं विणून काढलं होतं. क्रीडा सचिवाचं काम बिनपदाचं करत होता म्हणा ना! यातला एक शब्द त्याच्या भाषणात नव्हता. नंतर मी विचारलं तर म्हणाला, ‘सर, आपल्या तोंडानं आपलंच कसं सांगायचं?’ स्वतःला होतकरू, जिद्दी आणि प्रामाणिक म्हणताना त्याची जीभ अडखळली नव्हती. जाळं विणलं हे सांगायला मात्र संकोच आडवा आला. हा विनय जपा. असा उमेदवार प्रतिस्पर्ध्यांना फार आवडतो.

त्याच पदाला एक मुलगीही उभी होती आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. तिनं नमनात फक्त ‘नमस्कार’ म्हटलं. मग म्हणाली, ‘मी अमुक अमुक, नववी ब, क्रीडा सचिवपदासाठी उभी आहे. मधल्या सुट्टीत चेंडू मिळेपर्यंत किती वेळ रांगेत जातो? आमच्या वर्गाची अर्धी सुट्टी जायची. म्हणून मी एक वही केली. कोणत्या दिवशी कोणत्या गटानं साहित्य आणायचं ते तिच्यात आधीच लिहून ठेवलं. दोन आठवड्यांत रांग संपली. हीच वही मला सगळ्या वर्गांसाठी करायची आहे. नवे चेंडू आणणं माझ्या हातात नाही, रांग कमी करणं आहे. मतपत्रिकेत माझं नाव चौथं आहे. मी अमुक अमुक, नववी ब.’ अमुकच्या जागी तिनं अर्थातच आपलं पूर्ण नाव घेतलं, छापलं होतं तसंच, आणि दोनदा.

एक्केचाळीस सेकंद. माझी घंटा हातातच राहिली. ती बोलायची थांबली आहे हे कळायला सभागृहाला क्षणभर लागलं, मग टाळ्या झाल्या. मला ते जरा अपमानास्पद वाटलं. एकोणीस सेकंद न वापरता परत करायचे म्हणजे काय? शिवाय एकही विशेषण नाही. ती मेहनती आहे की नाही, हे लोकांनी वहीवरून ताडायचं? ‘हे माझ्या हातात नाही’ असं कबूल करणं तर प्रचाराच्या परंपरेला सोडूनच झालं. तिच्या आधीच्या उमेदवारानं मधली सुट्टी दुप्पट करण्याचं आणि गृहपाठ बंद करण्याचं वचन दिलं होतं. विद्यार्थी परिषद वेळापत्रकाला हात लावू शकत नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि श्रोत्यांनाही, पण टाळ्या किती मनापासून पडल्या!

तिच्यासारखं बोलण्यात आणखी एक जोखीम आहे. माणूस निवडून येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक वही कुठे आहे म्हणून विचारायला लागतात. होतकरू असण्याबद्दल आजवर कोणी कोणाला जाब विचारलेला नाही.

शेवटाबद्दल एवढंच, की तो ठरवू नका. बोलत राहा, घंटा वाजेल तिथे तुमचं भाषण संपलं असं समजा. शेवटच्या पाच सेकंदांत नाव पुन्हा घेण्याचा मोह होईल. मतदाराच्या कानात जे सगळ्यात उशिरा पडतं ते चिठ्ठी हातात येईपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे ‘जास्त वेळ न घेता मी माझे दोन शब्द संपवतो’ हे वाक्य टाका. ते नेमकं पाच सेकंदांचं आहे.

त्या वर्षीच्या मोजणीलाही मी होतो. मुलीचा गठ्ठा बघता बघता जाड झाला. मुलालाही मतं पडली, त्याच्या वर्गाची आणि मैदानावरच्या पोरांची. एका चिठ्ठीवर मात्र कोणाच्याही नावापुढे खूण नव्हती. खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं, नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘तो चारोळीवाला’. निवडणूक अधिकाऱ्यांनी ती माझ्याकडे सरकवली, मी परत त्यांच्याकडे. कोण म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. नियमाप्रमाणे ते मत बाद केलं.