फोडणीला रिटेक नसतो

फक्त हात दिसणारा रेसिपी व्हिडिओ करायचा म्हणजे सोपं काम, चेहरा नको मेकअप नको साडी नको, असं ज्याला वाटतं त्याने एकदा लसणाच्या फोडणीचं वरण शूट करून बघावं. तूरडाळ शिजवणं, घोटणं, लसूण ठेचणं हे सगळं आरामात होतं. पण शेवटची फोडणी मिनिटभरात संपते आणि एकदा मोहरी तडतडली की तडतडली, तिला परत सांगता येत नाही की बाई जरा फोकस गेला होता.

हात अर्थातच सासूबाईंचे. माझ्या हाताला ती सफाई नाही, आणि त्यांना बांगड्या काढायला लावायचं धाडस माझ्याशिवाय घरात कोणाकडे नाही. काढायला लागतातच, कारण काचेच्या बांगड्या माईकमध्ये मोहरीपेक्षा मोठ्याने वाजतात.

फोन बरोब्बर कढईच्या वर टांगायचा, इथून छळ सुरू होतो. जवळ टांगला तर वाफेने लेन्सवर धुकं, वर तेलाचे शिंतोडे, शिवाय फोनची सावली थेट वरणात. म्हणून तो चांगला दोन-अडीच फूट वर, ओट्यावरच्या फळीला क्लॅम्पने अडकवायचा आणि दोनपट झूम करायचं. असं पालथं टांगलेल्या फोनला उभं काय नि आडवं काय कळत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फ्रेम कुठल्या बाजूला वळलीय ते बघायलाच हवं. नाहीतर हात वरून येतात आणि समोर बसलेलं कोणीतरी आपल्या ताटात ढवळाढवळ करतंय असं दिसतं. हात खालून आले की बघणाऱ्याला ते स्वतःचे वाटतात, सगळी गंमत तीच. आणि स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करायचे, कारण काळ्या कढईवर गोरा हात आला की फोन घाबरून सगळं अंधारं करतो.

आता वेग. मी म्हटलं, "आई, वाटी फ्रेममध्ये आणा, थांबा, घाला, हात बाहेर काढा, मग मनात एक-दोन म्हणा." आई म्हणाल्या, "अगं तोवर तेल जळेल! फोडणी काय तुझ्या एक-दोनसाठी थांबणारे?" बरोबर होतं त्यांचं. मग तोडगा असा की लसूण, जिरं, हिंग, कढीपत्ता यांच्या वाट्या गॅस बंद असताना एकेक करून सावकाश शूट करायच्या, आणि खरी फोडणी आईंच्या वेगाने एका दमात. एडिट करताना लसूण सोलणं खुशाल पळवावं पण फोडणी अजिबात पळवू नये, तिचा आवाज चिरका होतो आणि भूक मरते. आधी शांत तेल, मग एकच मोहरी टट्, मग सगळ्यांची झुंबड, हा क्रम कापला की संपलं.

आवाजाची तर वेगळीच कथा. फोन स्वतःच आवाज कमीजास्त करत बसतो, ओला कढीपत्ता पडून जो स्फोट होतो त्याने दचकून तो सगळं दाबतो, आणि लगेच वरणावर फोडणी ओतली की तो चर्र फुसका येतो. म्हणून दुसरा फोन कढईच्या बाजूला, वीतभराहून थोडा लांब, खाली घडी केलेला नॅपकिन, आणि आवाज त्यावर. दोन्ही जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवायची, आईंनी आरतीसारख्या वाजवल्या. एक्झॉस्ट बंद, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद कारण त्याची घुरघुर आपल्याला ऐकू येत नाही पण माईकला येते. फ्रिज परत चालू करायचं विसरू नये म्हणून साउंडवाले लोक गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, मीही स्कूटरची ठेवली. सगळं सामसूम, तेल तापलं, आणि खालून "ए भंगारवालेऽऽ".

म्हणून मग चित्र एका फोडणीचं आणि आवाज दुसऱ्या फोडणीचा, दोन्ही त्याच वरणावर. कोणाला कळत नाही. म्हणजे प्रेक्षकांना कळत नाही, सासऱ्यांना कळलं, ते दुसरा घास घेऊन म्हणाले, "आज वरणात डाळ कमी आणि मोहरी जास्त आहे का?" आई म्हणाल्या, "गप जेवा, अजून एक व्हायचीये."

तेवढ्यात नवरा घरभर किल्ली शोधत होता. सापडल्यावर बराच वेळ तो नुसता हातात धरून उभा होता, आणि मग म्हणाला, "ही एवढी गार का आहे, आणि फ्रिज का नाहीये?"