‘दहा हजार तपासण्या लिहा, ग्रँट पक्कं’

संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा मेसेज असा: “मोबाईल आय क्लिनिकचा प्रस्ताव दोन पानांत. १) सुसज्ज मोठी व्हॅन दाखवा, निम्मं बजेट तिथेच. २) वर्षाला १०,००० तपासण्या लिहा, आकडा मोठा तर ग्रँट पक्कं. ३) मोतीबिंदूवाले जिल्हा रुग्णालयात रेफर केले म्हणायचं, पुढचं आपलं काम नाही. ४) चष्मे रेडीमेड वाटा.”

भाचा गडचिरोलीत एका छोट्या संस्थेत आहे. त्यानं हे जसंच्या तसं मसुद्यात उतरवून “मामा, एकदा नजर टाका” म्हणून पाठवलं. टाकली.

व्हॅनचं आधी उरकतो. देणगीदाराला गाडीच्या फोटोचं आकर्षण असतं, हे मान्यच करावं लागेल. पण भामरागडच्या आतल्या पाड्यांवर मोठी व्हॅन डांबर संपतं तिथेच उभी राहते. ई-चार्ट, ट्रायल बॉक्स, टॉर्च, रेटिनोस्कोप आणि ऑप्थाल्मोस्कोप एका पेटीत मावतात आणि बोलेरोतून जातात. गाडीच्या रकान्यात किंमत भरून भागत नाही, डिझेल, चालक आणि दुरुस्ती प्रकल्पाच्या तीनही वर्षांची धरावी लागते.

आता दहा हजार. चाळीस घरांच्या पाड्यात माणसं साधारण दोनशे, त्यांत पन्नाशीपुढची फार तर पस्तीस धरा. या वयातलेच दहा हजार म्हणजे जवळपास २८५ पाडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं पहाटेच जंगलात जातात, धानकापणीत बांधावर असतात. हे सगळं वगळून कामाचे १२० दिवस मिळाले आणि रोज एक पाडा झाला, तरी बेरीज ४,२००. मग उरलेले आकडे कुठून येतात? तालुक्याच्या शाळेतून. पोरांची रांग लावायची, प्रत्येकाला दोन ओळी वाचायला लावायच्या, झाली तपासणी. शाळेतल्या पोरांची नजर तपासणं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आधीच आहे. पाड्यावरची आजी त्या रांगेत नसतेच.

आणि शोधायचं तिलाच आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांत अंधत्व १.९९ टक्के निघालं आणि त्यातलं ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे. हेच प्रमाण धरलं तर त्या पस्तिसांत पूर्ण अंध माणूस एखादाच, नजर कमी झालेले आणखी काही. म्हणजे प्रस्तावाचा खरा आकडा लहानच असणार. तो लपवायचा कशाला?

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझा संयम सुटतो. समजा, एका माडिया आजीला सहा मीटरवरून ‘ई’ची तोंडं कुठे आहेत ते हातानं दाखवायला सांगितलं. उजव्या डोळ्यानं वरची सगळ्यात मोठी ‘ई’सुद्धा दिसत नाही. पिनहोल लावून पाहिलं, फरक नाही, म्हणजे नुसत्या नंबरचं काम नाही. टॉर्च मारला तर बाहुली पांढुरकी. चिठ्ठी दिली आणि रजिस्टरमध्ये ‘रेफर’ लिहिलं. आता ती गडचिरोलीला जाणार कशी? अंतर १५० किलोमीटरहून जास्त. सोबत मुलगा हवा, त्याची मजुरी बुडणार. तिथे तिच्या वतीनं मराठीत बोलणार कोण? रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली तर ऑपरेशन पुढे ढकलून परत पाठवणार. पुढच्या वर्षी आपली टीम आली की आजी तिथेच, त्याच डोळ्यानं, आणि आपण तिला नवीन तपासणी म्हणून पुन्हा मोजणार!

म्हणून मसुद्यात तपासण्यांच्या खाली चार रकाने टाकायला लावले: किती जणांना चिठ्ठी दिली, किती दवाखान्यात पोचले, किती जणांचं ऑपरेशन झालं, आणि सहा आठवड्यांनी पाड्यावर जाऊन मोजल्यावर कितींची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली आली. दोन रकान्यांमधली गळती दिसली की अडलं कुठे ते कळतं. चिठ्ठ्या खूप आणि पोचलेले थोडे, तर प्रवासाची व्यवस्था फसली. ऑपरेशनं झाली पण नजर आली नाही, तर नंतरचा चष्मा राहिला, किंवा पडद्याचा दोष आधी कुणी पाहिलाच नाही.

बजेटही त्यानुसार बदललं. बीपी-शुगर पाड्यावरच, म्हणजे आजीची खेप वाया जात नाही. ठरल्या दिवशी पाच-सहा रुग्ण एकत्र न्यायची-आणायची गाडी, सोबत्याची बुडालेली मजुरी, माडिया बोलणारी आशाताई किंवा गावातलीच बाई मानधनावर. रुग्णालयाशी लेखी करार: कोणत्या वारी किती खाटा. तारखा ठरवायच्या त्या धानकापणी उरकल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी.

रेडीमेड चष्मे जवळचं वाचायला किंवा सुईत दोरा ओवायला चालतात, तेवढं बरोबर आहे. लांबच्या नजरेला, दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असले किंवा तिरका नंबर असला, तर ते घरातल्या खुंटीवर लटकतात. अशांसाठी नंबरप्रमाणे ऑर्डर देऊन बनवायच्या चष्म्यांचा खर्च वेगळा लिही म्हटलं आहे. मसुदा आता सहा पानांचा झाला, देणगीदाराची मर्यादा आठची आहे.