‘मैदाच झाला की तो’ या प्रतिक्रियेला उत्तर

गिरणीच्या पिठावरच्या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली: “मॅडम, लेख वाचला, भावनिक आहे. गिरणीचं पीठ दळताना थंड राहतं हे कुठून आणलंत? दुसरं, तुम्हीच लिहिलंय की पीठ चाळून घेता, मग कोंडा गेला, होल व्हीट कुठलं राहिलं, मैदाच झाला की तो. मैदा सहा महिने टिकतो, तुमचं पीठ कडू होतं, मग चांगलं कुठलं? आणि पोळ्या मऊ मैद्याच्याच होतात, सगळ्यांना माहितीये. घरी बसून आजीच्या आठवणी लिहिण्याआधी थोडं शास्त्र वाचत जा.”

नमस्कार. आधी पहिला मुद्दा, कारण तो तुमचा बरोबर आहे. गिरणीतून पीठ थंड पडत नाही, चांगलं गरम पडतं, आणि दगडाला बरेच दिवस टाकी लावलेली नसली, म्हणजे त्याच्या खाचा छिन्नीने परत कोरलेल्या नसल्या, तर हाताला चटका बसेल इतकं गरम पडतं. माझ्या डोक्यात आजीचं हातजातं होतं आणि मी लिहिताना दोन्ही एकत्र केलं. चूक माझी, दुरुस्त करते.

पण “घरी बसून” हे वाक्य मला लागलं, ते मी सोडून देणार नाही. माझ्या बाबांची निफाड तालुक्यात गिरणी होती, 22 वर्षं. शाळेतून आलं की दप्तर ठेवून मी दळणाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायचे, कुणाचं पीठ बारीक, कुणाचं जरा रवाळ, ज्वारीवर गहू टाकायचा नाही, सगळं तोंडपाठ होतं. बाबा टाकी लावायला बसले की दगडाचे कण उडायचे म्हणून मला लांब बसवायचे आणि मी लांबून बघायचे. तुम्ही कोण, काय करता मला माहीत नाही, नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून मी तुमच्याबद्दल काही गृहीत धरत नाहीये, मग तुम्ही माझ्याबद्दल का धरलंत? शंका विचारा, चूक दाखवा, मी उत्तर देते, पण “मॅडम” म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी अक्कल काढायची ही पद्धत मला पटत नाही.

आता “मैदाच झाला की तो” याबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, माझ्या नणंदेचाही होता.

गव्हाच्या दाण्यात तीन गोष्टी असतात. बाहेरचं साल म्हणजे कोंडा, दाण्याच्या वजनाच्या साधारण 14 टक्के. टोकाला बारीकसा कोंब, तो जेमतेम अडीच ते तीन टक्के. आणि उरलेला सगळा पांढरा गर. मैदा म्हणजे फक्त हा गर. तो काढायची पद्धतच वेगळी असते. मोठ्या रोलर मिलमध्ये गहू आधी पाणी मारून काही तास मुरवतात, त्याने साल चिवट होतं आणि भुगा न होता पापुद्र्यासारखं सुटतं. मग खाचांच्या लोखंडी रोलरमधून दाणा फोडतात, चाळतात, परत रोलर, परत चाळण, असं कितीतरी वेळा. कोंब तेलकट आणि मऊ असतो त्यामुळे रोलरखाली त्याचा भुगा होत नाही, तो चपटा होतो आणि चाळणीवर अडकतो, तिथून वेगळा काढतात. असं करत 100 किलो गव्हातून 70 ते 75 किलो पांढरं पीठ निघतं, बाकीचं सगळं बाजूला जातं.

गिरणीत यातलं काहीच होत नाही. दोन दगडांच्या मध्ये अख्खा दाणा भरडला जातो, साल, कोंब, गर एकदमच. कोंब चपटा होऊन वेगळा राहत नाही, घासला जाऊन त्याचं तेल सगळ्या पिठाला लागतं. ताज्या पिठाला जो गोडसर वास येतो ना, डबा उघडल्यावर, त्यात या तेलाचा मोठा वाटा आहे. मग मी घरी आल्यावर चाळते तेव्हा चाळणीत काय राहतं? कोंड्याचे मोठे तुकडे राहतात, त्यांना चिकटलेलं थोडं पीठ राहतं आणि कोंबाचा एखादा तुकडा राहतो. बारीक झालेला कोंडा आणि बहुतेक सगळा कोंब खाली पिठातच पडतो, तो साध्या चाळणीने काढायचा म्हटलं तरी निघत नाही.

हे मी नुसतं म्हणत नाहीये. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकवनचं दळण आणलं, त्यातलं बरोबर 2 किलो वजन करून नेहमीच्या पिठाच्या चाळणीने चाळलं. वर राहिलं ते 90 ग्रॅम. 2 किलो गव्हात कोंडा असतो 280 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ते 90 ग्रॅम सगळे शुद्ध कोंडाच होते असं धरलं (नव्हते, बोटाला पांढरं लागत होतं) तरी दोन तृतीयांश कोंडा पिठातच आहे. 100 किलोच्या हिशोबात सांगायचं तर माझ्या चाळणीखाली साडेपंच्याण्णव किलो पीठ पडतं, मैद्यात 70 ते 75. याला तुम्ही मैदा म्हणता? हां, मैद्याच्या बारीक चाळणीने किंवा वस्त्रगाळ केलं तर जास्त कोंडा जाईल हे खरं, पण तसं मी करत नाही आणि लेखात तसं लिहिलेलंही नव्हतं. “होल व्हीट” हा शब्द तुम्हाला अगदी काटेकोर हवा असेल तर चाळू नका, मलाही काही अडचण नाही, मुलांच्या डब्यासाठी मी चाळते, आमच्या दोघांच्या पोळ्यांना कोंडा परत मिसळते.

टिकण्याचा मुद्दाही याच कोंबातून निघतो. अख्खा गहू नीट वाळवून, एरंडेल चोळून, कोठीत ठेवला तर वर्षभर राहतो, आपल्याकडे सगळ्यांच्या आया तसाच भरत आल्यात. मग तोच गहू दळल्यावर महिन्याभरात का बिघडतो? कारण दाण्यात तेल एका ठिकाणी असतं आणि ते तेल फोडणारे एन्झाइम बरेचसे सालाच्या बाजूला असतात, दोघं भेटत नाहीत. दळलं की भेटतात. तेलाचे आम्ल तुकडे पडायला लागतात, वरून हवा लागते, आणि पीठ आधी खवट वासाचं, मग कडू होतं. मैद्यातून साल गेलं, कोंब गेला, म्हणजे तेलही जवळजवळ गेलं, तर मग बिघडायला उरलंय काय? तो टिकतो कारण त्यातली नासणारी गोष्ट आधीच काढून घेतलीये. फूड सेफ्टीच्या नियमांतसुद्धा हे दिसतं, पिठाचा आंबूसपणा मोजतात त्याची मर्यादा कणकेला 0.18 टक्के आहे आणि मैद्याला 0.12, म्हणजे कणीक थोडी जास्त आम्ल असणार हे धरूनच चाललेत. दुकानात बसून सहा महिने काढायचे असतील तर मैदा सोयीचा आहे, मान्य. पण मी दुकान चालवत नाही, मी दर दहा दिवसांनी 4 किलो दळून आणते.

आणि कडू झालेलं पीठ कसं असतं हे मला कुणी पुस्तकातून सांगायला नको. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात मी 10 किलो दळण एकदम आणलं, गरम पीठ तसंच स्टीलच्या डब्यात दाबून भरलं आणि झाकण घट्ट लावलं. बाबांनी शंभर वेळा सांगितलं होतं की घरी आल्यावर परातीत पसर, पूर्ण निवू दे, मग भर. घाईत राहून गेलं. झाकणाच्या आतून वाफेचं पाणी सुटलं, कडेला पिठाचे गोळे झाले आणि अठराव्या दिवशी सासूबाईंनी पोळीचा पहिला घास बाजूला काढून ठेवला, काही बोलल्या नाहीत. जवळपास निम्मं पीठ टाकलं. तेव्हापासून सवय आहे, आठवड्यानंतर रोज चिमूटभर कोरं पीठ जिभेवर ठेवायचं. चांगलं पीठ गोडसर लागतं आणि विरघळतं. बिघडायला लागलेलं आधी काहीच लागत नाही, गिळल्यावर घशाशी कडवट येतं, आणि वास जुन्या शेंगदाण्यासारखा. पोळी भाजल्यावर वास थोडा लपतो, कडूपणा लपत नाही. उन्हाळ्यात मी पंधरा दिवसांच्या वर ठेवत नाही, फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात महिना सहज जातो.

पोळ्यांबद्दल थोडक्यात लिहिते. तव्यावरून उतरलेली मैद्याची पोळी मऊ असते, हो. दुपारी डब्यात बघा, चामट होते. गिरणीच्या दगडाखाली गराचे पिष्टकण चिरडले जातात आणि चिरडलेले कण पाणी जास्त पितात. परवा मी दोन्ही 200-200 ग्रॅम घेऊन सारख्याच घट्टपणाची कणीक भिजवली, मैद्याला 105 मिली पाणी लागलं, गिरणीच्या पिठाला 130. ते जास्तीचं पाणीच तव्यावर वाफ होऊन पोळी फुगवतं आणि उरलेलं पोळी मऊ ठेवतं. फक्त कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो, अर्धा तास झाकून ठेवायची, नाहीतर लाटताना कडा फाटतात, कोंड्याचे कोरडे तुकडे कणकेतली ग्लुटेनची, म्हणजे चिवट प्रथिनांची, जाळी कापतात म्हणून. बहुतेक लोक भिजवल्या भिजवल्या लाटायला घेतात आणि मग म्हणतात गव्हाची पोळी कडक होते. पुरणपोळीला मीसुद्धा थोडा मैदा घालते, पुरण पातळ पारीत राहायला हवं असतं. ते लेखात लिहायचं राहिलं होतं, पण रोजच्या पोळीचा आणि त्याचा संबंध नाही.

पाकिटातल्या आट्याबद्दल इथे लिहीत नाही, तुम्ही विचारलेलंही नाहीये.

आजीच्या आठवणींबद्दल एवढंच सांगते, की ती जात्यावर बसून जे पीठ काढायची ते चिमटीत धरून बारीक की रवाळ हे न बघता सांगायची आणि ती कधी शाळेत गेली नव्हती. त्या लेखात मी ते लिहिलं कारण मला ते आठवतं. तुम्हाला नको असेल तर तो परिच्छेद वगळून वाचा, पण तिच्यावरून मला टोमणा मारू नका.

लेखातला “थंड राहतं” हा भाग आज काढलाय आणि तिथे दळण आणल्यावर परातीत पसरून निववायचं असं लिहिलंय. चाळण्याबद्दलचं वाक्य आहे तसंच ठेवलंय.