पाच आठवड्यांनी आलेल्या ‘काय गं’चे स्वागत कसे करावे

ज्या गृहस्थाने पाच आठवडे तुमच्या एकाही मेसेजला उत्तर दिले नाही, त्याचा रविवारी रात्री साडेअकराला “काय गं, काय पाऊस पडतोय ठाण्यात! मामलेदारची मिसळ आठवली” असा मेसेज आला, तर सर्वप्रथम देवापुढे साखर ठेवावी. माणूस सुखरूप आहे, त्याचा फोन चालू आहे आणि त्याची भूकही शाबूत आहे; आणखी काय हवे?

हा मेसेज नेमका कशाखाली येऊन बसला आहे, हे मात्र पाहू नये. त्याच्या लगेच वर तुमचाच शेवटचा मेसेज असतो, “शनिवारी साडेसहाला तलावपाळीला भेटतोय ना?”, आणि त्याच्या कडेला दोन निळ्या खुणा असतात. मधल्या काळात तुमचे प्रत्येक स्टेटस पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव होते, हेही विसरावे; ज्याचे डोळे चालतात त्याची बोटेही चालावीत, असा आग्रह धरणे असंस्कृतपणाचे ठरेल.

मेसेजची बांधणी मात्र कौतुकाने न्याहाळण्याजोगी असते. त्यात प्रश्न नाही, दिलगिरी नाही, वार नाही, वेळ नाही. तुम्ही आनंदाने उत्तर दिलेत तर दार उघडे असल्याचे त्याला कळते, गप्प राहिलात तर तो बिचारा केवळ पावसाविषयी बोलला होता, आणि चिडलात, तर “मिसळीवरून एवढं कोण रागावतं?” हा बचाव तयारच असतो. इतक्या कमी भांडवलात इतकी सुरक्षित ठेव ठाण्यातली कोणतीही पतपेढी देत नाही.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते, की टोच मारल्यावर दाणा प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून, अवचित मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी वेळ टोचत राहतो. पण ती कबुतरे होती. तुम्ही तर घोडबंदर रोडला राहता.

तेव्हा “येत्या शनिवारी साडेसहाला जाऊ या मिसळ खायला?” असे वारवेळेसह विचारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ज्याला खरोखर भेटायचे असते तो हो म्हणतो किंवा दुसरा वार सुचवतो, आणि घरात आजारपण वगैरे खरेच काही घडले असेल तर न विचारता आधी तेच सांगतो. बाकीचे “बघू गं, भेटू नक्की” असे लिहून पुन्हा अंतर्धान पावतात, आणि मग त्याचा दोष तुमच्या घाईला द्यावा लागतो. त्यापेक्षा तुम्हीही पावसाविषयीच लिहावे. वंदना टॉकीजपाशी किती पाणी साचले ते विचारावे, जमल्यास फोटो पाठवावा. एवढे पथ्य पाळल्यास हा स्नेह परतीच्या पावसापर्यंत सहज टिकतो.